आकडे कमी का होत जातात

प्रस्तावना

आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाचा पेशंटशी संबंध येतो तो मुख्यतः फोनवर. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. स्त्रीबीजं बाहेर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मग तिसऱ्या दिवशी, मग पाचव्या दिवशी मी जोडप्याला एकेक आकडा कळवते आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा लहान असतो. पलीकडून जवळजवळ नेहमी एकच प्रश्न येतो, "मॅडम, मग बाकीच्यांचं काय झालं?" त्यामागे भीती असते की कुणाच्या हातून काही चुकलं, इंजेक्शन नीट लागलं नाही, जिना चढायला नको होता, त्या दिवशी उगाच रडले. दोन मिनिटांच्या फोनमध्ये ही भीती घालवता येत नाही. पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच त्या प्रश्नाचं उत्तर जोडप्याच्या हाती असावं, म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

त्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेते. ते कुणा एकीचं नाही. नेहमी दिसणाऱ्या पेशंटवरून जुळवलेलं आहे. बाई ३४ वर्षांची, दोन्ही गर्भनलिका बंद, पण त्यांत पाणी साचलेलं नाही. नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट चांगला. पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून १४ बारीक फॉलिकल दिसले. फॉलिकल म्हणजे द्रवाने भरलेली छोटी पिशवी, जिच्या आत एक बीज असतं. नळीत पाणी असतं तर आधी ती नळी बंद करावी लागली असती किंवा काढावी लागली असती, कारण ते पाणी गर्भाशयात उतरत राहिलं की गर्भ रुजण्याची शक्यता खूप घटते. आमच्या उदाहरणातल्या बाईंना त्याची गरज पडली नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी रोज २२५ युनिट एफएसएचचं इंजेक्शन सुरू झालं. पोटावर, बेंबीच्या बाजूला, पेनसारख्या उपकरणाने ते घरीच घेता येतं.

इथेच पहिला गैरसमज दूर करायला हवा. "इतकी बीजं एकदम काढली तर माझी बीजं लवकर संपतील का?" असं बायका हमखास विचारतात. नाही संपत. दर महिन्याला फॉलिकलचा एक गट वाढीसाठी पुढे येतोच. त्यांतला एक इतरांहून थोडा पुढे जातो आणि इस्ट्रोजेन सोडू लागतो. त्यामुळे मेंदूकडून येणारं एफएसएच कमी होतं. पुढे गेलेल्या फॉलिकलला तेवढ्यावर भागवता येतं, बाकीच्यांना नाही, आणि ते जागच्या जागी विरून जातात. बाहेरून दिलेलं एफएसएच ती पातळी खाली येऊ देत नाही. म्हणजे इंजेक्शनं पुढच्या महिन्यांचा साठा काढून आणत नाहीत, तर याच महिन्यात वाया जाणार होती ती बीजं वाचवतात. त्याचाच दुसरा अर्थ असा की गटात मुळात ५ फॉलिकल असतील तर डोस कितीही वाढवला तरी १५ होत नाहीत. डोस किती हे डॉक्टर ठरवतात, पण गट किती मोठा हे शरीराने आधीच ठरवलेलं असतं.

सहाव्या इंजेक्शनच्या दिवशी सोनोग्राफीत सगळ्यांत मोठा फॉलिकल १३ मिलिमीटरचा होता. त्या दिवसापासून रोज दुसरं एक इंजेक्शन जोडलं गेलं, सेट्रोरेलिक्स, पाव मिलिग्रॅम. त्याचं काम वाढवण्याचं नाही, थोपवण्याचं आहे. अनेक फॉलिकल एकदम वाढले की इस्ट्रोजेन खूप चढतं आणि मेंदूला वाटतं बीज पिकलं. मग तो एलएच या हार्मोनची लाट सोडतो आणि बीजं आपण काढण्याआधीच फुटून पोटात निघून जातात. सेट्रोरेलिक्स ती लाट अडवतं. एफएसएच एखाद्या दिवशी दोन तास उशिरा घेतलं तर फारसं बिघडत नाही, पण हे दुसरं इंजेक्शन एक दिवस चुकलं तर सगळी सायकल हातची जाऊ शकते.

दहाव्या दिवशी ३ फॉलिकल १८ मिलिमीटरला पोचले, बरेच १५ ते १७ च्या आसपास होते, एखाद-दोन मागे राहिले होते. डॉक्टरांनी सांगितलं, आज रात्री बरोबर १० वाजता ट्रिगर.

सबंध सायकलमध्ये मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं ते या एका इंजेक्शनबद्दल. स्त्रीच्या अंडाशयातलं प्रत्येक बीज ती आईच्या पोटात असतानाच विभाजनाला लागलेलं असतं आणि अर्ध्यावर थांबलेलं असतं. ३४ वर्षांच्या बाईचं बीज ३४ वर्षांहून अधिक काळ त्या एकाच टप्प्यावर थांबलेलं आहे. एलएचची लाट येते तेव्हा ते पुन्हा चालू होतं, आपल्या गुणसूत्रांचा अर्धा वाटा एका बारीक पेशीत भरून बाहेर टाकतं आणि शुक्राणूसाठी तयार होतं. त्याच वेळी ते फॉलिकलच्या भिंतीपासून सुटंही होतं. या सगळ्याला साधारण दीड दिवस लागतो. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयांच्या तुकड्यांतली बीजं प्रयोगशाळेत वाढवून १९६५ साली हा काळ दाखवून दिला. उंदराच्या बीजाला अर्धा दिवस पुरतो, त्यामुळे त्याआधी माणसाच्या बीजाकडे फार लवकर पाहिलं जात होतं. आज जगभर ट्रिगर आणि बीज काढणं यांत ३४ ते ३६ तास ठेवतात त्याचा पाया हाच. त्याआधी सुई घातली तर बीज कच्चं असतं आणि भिंतीला चिकटलेलं असतं. फार उशीर झाला तर फॉलिकल फुटलेला असतो आणि बीज सापडतच नाही.

ट्रिगर म्हणजे या नैसर्गिक लाटेची बाहेरून दिलेली नक्कल. बहुधा ते एचसीजी असतं, कारण ते एलएचच्याच जागी जाऊन बसतं. रात्री १० ऐवजी ११ वाजता घेतलं गेलं तर लपवू नका. सकाळी सहा वाजता का होईना, फोन करून सांगा, म्हणजे ऑपरेशनची वेळ तासभर पुढे नेता येते. न सांगितलेला तास मात्र भरून काढता येत नाही. कधीकधी इंजेक्शन घेतल्याचं सांगितलं जातं, पण पावडर द्रवात नीट मिसळलेली नसते, किंवा औषध बर्फात न ठेवता प्रवासात तापलेलं असतं, आणि भूल देऊन पहिल्या काही फॉलिकलमधून नुसता द्रव येतो, बीज येत नाही. अशा वेळी रक्तात एचसीजी आहे का हे तपासता येतं. नसेल तर तिथेच थांबून, दुसऱ्या अंडाशयाला हात न लावता, पुन्हा ट्रिगर देऊन दीड दिवसाने उरलेली बीजं काढता येतात. सायकल वाचू शकते, पण खरं काय घडलं ते कळलं तरच.

एचसीजीची दुसरी बाजूही माहीत असावी. शरीराची स्वतःची एलएचची लाट दोन दिवसांत ओसरते, पण बाहेरून दिलेलं एचसीजी आठवडाभर किंवा त्याहून जास्त रक्तात राहतं. फॉलिकल खूप असतील, विशेषतः पीसीओ असलेल्या तरुण मुलींमध्ये, तर त्या लांबलेल्या प्रभावामुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पोटात पाणी साठतं. पोट ताणल्यासारखं होणं, दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. म्हणूनच अशा पेशंटना आता एचसीजीऐवजी वेगळं ट्रिगर देतात, जे मेंदूकडून स्वतःची छोटी लाट काढून घेतं. त्या महिन्यात गर्भ आत न सोडता सगळे गोठवून ठेवतात. "आमचे गर्भ फ्रीझ का केले, काही बिघडलं का?" असं विचारणाऱ्यांना हे कारण आधी ठाऊक असतं तर बरीच काळजी वाचते.

बुधवारी रात्री १० ला ट्रिगर, शुक्रवारी सकाळी साडेनऊला पिकअप. थोडी भूल, योनीमार्गातून सोनोग्राफीच्या टोकाला लावलेली लांब सुई, पंधरा-वीस मिनिटांचं काम. प्रत्येक फॉलिकलमधला द्रव गरम ठेवलेल्या नळीत येतो आणि ती नळी शेजारच्या खोलीत माझ्याकडे. मी ती काचेच्या बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली बीज शोधते. ते उघडं नसतं, पेशींच्या ढगात लपेटलेलं असतं. १३ फॉलिकलमधून ११ बीजं मिळाली. हा पहिला आकडा, आणि बहुतेकांच्या मनात तोच कायमचा बसतो. पण तेव्हा मला ढग दिसत असतो, आतलं बीज पिकलं की कच्चं हे नाही.

वीर्य चांगलं असल्यामुळे प्रत्येक बीजाभोवती शुक्राणू सोडून फलन त्यांच्यावर सोपवलं. शुक्राणू कमी किंवा मंद असते तर त्याच दिवशी ढग काढून, प्रत्येक पिकलेल्या बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडला असता. त्या पद्धतीला इक्सी म्हणतात. ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी इक्सीमुळे गर्भ राहिल्याचं १९९२ साली जाहीर केलं आणि पुरुषाच्या वंध्यत्वाचं चित्र पालटलं. पण वीर्य चांगलं असताना केवळ खात्री म्हणून इक्सी करून जास्त बाळं होतात असं दिसलेलं नाही, आणि तो खर्च विनाकारण घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शनिवारी सकाळी, सुमारे १७ तासांनी, मी ढग बाजूला करून पाहिलं. ११ पैकी ९ बीजं पिकलेली होती, २ कच्ची. नवांपैकी ७ मध्ये दोन केंद्रकं दिसली, एक आईचं, एक वडिलांचं. फलन नीट झाल्याची ही खूण काही तासच दिसते आणि मग नाहीशी होते, म्हणून सकाळची ती वेळ आम्ही चुकवत नाही. एका बीजात तीन केंद्रकं होती, म्हणजे दोन शुक्राणू आत शिरले होते. असा गर्भ वाढताना दिसला तरी त्याची गुणसूत्रं दीडपट असतात, म्हणून तो वापरत नाहीत. एका बीजात काहीच झालं नाही. तर अकराचे सात झाले. यांत कुणाचीही चूक नाही. काढलेल्या बीजांपैकी पाचातलं एखादं कच्चं निघणं आणि पिकलेल्यांतली काही फलित न होणं हे नेहमीचंच आहे.

सोमवारी, तिसऱ्या दिवशी, ७ पैकी ६ गर्भ सहा ते आठ पेशींचे, नीट वाढलेले होते. फोनवर आनंद झाला. मला मात्र त्या दिवशीचा आनंद जपून वाटावा लागतो, कारण खरी चाळणी पुढे असते. पहिले तीन दिवस गर्भ जगतो तो बीजाने आधीच साठवून ठेवलेल्या शिदोरीवर. त्याची स्वतःची जनुकं साधारण चार ते आठ पेशींच्या दरम्यान काम सुरू करतात. तोवर वडिलांचा हिस्सा जवळजवळ मुकाच असतो. शिदोरी संपत आली आणि आतली गुणसूत्रं बरोबर नसली की गर्भ तिथेच थांबतो. आपण त्याला थांबवत नाही, आणि कुठलंही औषध त्याला पुढे ढकलत नाही.

गुणसूत्रं चुकतात ती मुख्यतः बीजात, आणि त्याचं कारण पुन्हा तेच लांबलचक थांबणं. गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रथिनं वर्षानुवर्षांत झिजतात. ट्रिगरनंतर जोडी सुटायची वेळ येते तेव्हा वाटणी चुकते, एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं. तिशीच्या सुरुवातीला पाचव्या दिवसापर्यंत पोचलेल्या गर्भांपैकी साधारण तिसरा हिस्सा असा सदोष असतो. चाळिशीला तो निम्म्याच्या पुढे जातो. दिसायला देखणा गर्भही यांत असू शकतो. म्हणून वय या गोष्टीबद्दल मी पेशंटशी आडपडदा ठेवत नाही. चांगलं यंत्र, महागडं औषध, नामांकित सेंटर, यांतलं काहीही बीजाचं वय मागे नेत नाही. एएमएचचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ४१ व्या वर्षी निर्धास्त राहणाऱ्या बायका मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं. एएमएच बीजं साधारण किती मिळतील याचा अंदाज देतं, ती कशी असतील याचा नाही.

बुधवारी, पाचव्या दिवशी, सहातले २ गर्भ ब्लास्टोसिस्ट झाले. त्यांच्या मधोमध पाण्याची पोकळी होती, आत बाळाच्या पेशींचा पुंजका आणि बाहेर वारेच्या पेशींचा थर. आणखी एक गुरुवारी तिथवर पोचला. उरलेले ३ थांबले. फलित झालेल्या ७ पैकी ३, म्हणजे निम्म्याहून थोडे कमी, हे चांगलं फळ आहे. पण आधी ११ ऐकलेल्या कानांना ३ ऐकून धक्का बसतो. वाईट सायकलमध्ये इथे शून्यही येतो आणि मग गर्भ सोडायला काहीच उरत नाही. ही शक्यता प्रत्येक जोडप्याला आधी सांगितली गेली पाहिजे.

बुधवारीच एक गर्भ गर्भाशयात सोडला, दुसरा आणि गुरुवारचा तिसरा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेले. गर्भ सोडण्याला भूल लागत नाही. पोटावरून गर्भाशय स्पष्ट दिसावा म्हणून लघवी भरलेली ठेवायला सांगतात. नाव मोठ्याने विचारून दोघांनी पडताळल्याशिवाय मी गर्भ नळीत घेत नाही. त्या मऊ, बारीक नळीने गर्भ गर्भाशयाच्या वरच्या भिंतीपासून सुमारे दीड सेंटिमीटर अलीकडे सोडला जातो. मग नळी परत माझ्याकडे येते आणि गर्भ तिला चिकटून राहिला नाही ना हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच मी "झालं" म्हणते. "उठले तर पडेल का?" हा प्रश्न नेहमी येतो. गर्भाशयाच्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, मध्ये पडायला जागाच नसते. पंधरा दिवस पलंगावर झोपवून ठेवल्याने गर्भ जास्त रुजतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही, तरी कितीतरी घरांत सासूबाई प्रेमाने सुनेला खाली पाय ठेवू देत नाहीत.

प्रोजेस्टेरॉनच्या योनीत ठेवायच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. पिकअपमध्ये फॉलिकलच्या पेशीही ओढल्या जातात आणि चढलेल्या हार्मोन्समुळे मेंदूचा एलएच दबलेला असतो. त्यामुळे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन टिकत नाही आणि अस्तर वेळेआधी सुटू शकतं. आणि घरी आणलेल्या प्रेग्नन्सी किटवर लवकर विश्वास ठेवू नये. ट्रिगरचं एचसीजी आणि गर्भाचं एचसीजी किटला सारखंच दिसतं, त्यामुळे गर्भ सोडल्यानंतर चौथ्या दिवशीच्या दोन रेघा अकरा दिवसांपूर्वीच्या इंजेक्शनच्या असू शकतात. उदाहरणातल्या बाईंना अशाच पुसट रेघा दिसल्या होत्या. दहाव्या दिवशी रक्तातला बीटा एचसीजी ५ च्या खाली आला. गर्भ रुजला नव्हता.

दोन महिन्यांनी गोठवलेल्या गर्भाची पाळी आली. या वेळी एफएसएच नाही, सेट्रोरेलिक्स नाही, भूल नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तर ९ मिलिमीटर झालं आणि मग प्रोजेस्टेरॉन सुरू झालं. इथेही वेळेला तितकंच महत्त्व आहे. प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यापासून अस्तर दिवसागणिक बदलत जातं आणि पाच दिवसांच्या गर्भाला पाच दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेलं अस्तर लागतं. म्हणून सहाव्या दिवशी बुधवारचा गर्भ वितळवून सोडला. या वेळी ट्रिगर दिलेलं नव्हतं, त्यामुळे किटचा घोटाळा होण्याचं कारण नव्हतं. दहाव्या दिवशी बीटा १९० आला, दोन दिवसांनी ४२०. एकट्या आकड्यापेक्षा ही दुपटीची चाल जास्त सांगते. चाल मंदावली तर गर्भपाताची किंवा गर्भ नळीत रुजल्याची शंका घ्यावी लागते. ज्यांच्या नळ्या खराब आहेत त्यांना ही दुसरी शंका आयव्हीएफनंतरही लागू असते, आणि बीटा नीट वाढला तरी गर्भ कुठे आहे हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. साडेसहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच होता आणि हृदयाचे ठोके दिसले.

भारतातली या विषयाची सुरुवात सांगताना गोठवलेल्या गर्भाची आठवण येणं साहजिक आहे. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन बीजं मिळवली, योनीमार्गे काढली, गर्भ गोठवला आणि पुढच्या एका पाळीत सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ ला मुलगी जन्मली, इंग्लंडमधल्या लुईस ब्राऊननंतर सव्वादोन महिन्यांनी. लुईसच्या वेळी ना इंजेक्शनं होती ना गोठवणं, नैसर्गिक पाळीतलं एकच बीज होतं. मुखोपाध्याय यांच्यावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलेली मुलगी अनेक वर्षं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मानली गेली. पुढे आनंद कुमारांनीच मुखोपाध्याय यांची टिपणं वाचली आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिलं की पहिला मान त्यांचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान असा परत करणारा शास्त्रज्ञ आपल्या क्षेत्रात होऊन गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढची प्रकरणं याच क्रमाने आहेत: इंजेक्शनं, ट्रिगर, पिकअप, प्रयोगशाळेतले पाच-सहा दिवस, गर्भ सोडणं, गोठवणं. शेवटचं प्रकरण लिहायला मला सगळ्यांत जड गेलं. ते गुरुवारच्या त्या तिसऱ्या गर्भाबद्दल आहे, जो अजून टाकीत आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे गर्भ जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यायचा. बाळ झाल्यावर बरीच जोडपी साठवणुकीचं नूतनीकरण करायला येत नाहीत, फोन उचलत नाहीत, पत्ते बदलतात. या गर्भाचं काय करायचं हे दोघांनी पहिल्या इंजेक्शनच्या आधी, शांतपणे बोलून, कागदावर लिहून ठेवावं. त्या कागदाचा नमुना तिथे दिला आहे.